‘योग्य वाटेल तसे कापून घ्यावेत’?

पगारावर उचल मागणाऱ्या अर्जात तीन गोष्टी लागतात: पैसे कशासाठी हवेत, किती हवेत आणि ते कसे फेडले जातील. पहिल्या दोन बहुतेक अर्जांत सापडतात. तिसरीच्या जागी मात्र एक ठरीव वाक्य येते: ‘सदर रक्कम माझ्या पगारातून आपणांस योग्य वाटेल त्याप्रमाणे कापून घ्यावी.’ ऑफिसातले जुने लोक नव्यांना हेच वाक्य लिहायला सांगतात. मागणाऱ्याने अटी घालू नयेत, देणारा देतो आहे तर परत कसे घ्यायचे हेही त्यानेच ठरवावे, अशी त्यामागची समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे. अर्जातल्या सगळ्या वाक्यांत कर्मचाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान करणारे वाक्य हेच आहे, आणि मालकाचाही त्यात म्हणावा तसा फायदा नाही.

या वाक्याचा बचाव करणारे पहिला मुद्दा कायद्याचा काढतात. मालक मनाला येईल तेवढे कापू शकत नाही, कायद्याने मर्यादा घातली आहे, मग अर्जात हप्ता लिहिला काय आणि न लिहिला काय, असे त्यांचे म्हणणे असते. मर्यादा आहे हे खरे. १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने पगारातून काय काय कापता येते याची यादी घालून दिली, आणि उचलीची वसुली त्या यादीत होती. नोकरी लागण्याआधी दिलेली उचल पहिल्या पूर्ण महिन्याच्या पगारातून वळती करायची, आणि अजून न कमावलेल्या पगारावर दिलेली उचल किती असावी, तिचे हप्ते कसे असावेत हे राज्य सरकारच्या नियमांनी ठरवायचे, अशी त्याच्या बाराव्या कलमाची रचना होती. आता त्याची जागा २०१९च्या वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. संहितेच्या अठराव्या कलमानुसार एका वेतनकाळातील सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत.

पण निम्मा पगार ही घर चालेल याची हमी नाही. मुंबईत तर नाहीच. पवईचेच उदाहरण घेऊन हिशेब मांडला म्हणजे हे स्पष्ट होते.

साकीविहार रोडवरच्या एखाद्या मध्यम कंपनीत हिशेब विभागात काम करणारा कर्मचारी धरावा. पगार ३८,००० रुपये. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १,८०० (१५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के) आणि व्यवसाय कराचे २०० जातात. हाती ३६,००० पडतात. तो चांदिवलीत भाड्याने राहतो. त्याचा अकरा महिन्यांचा करार ३० एप्रिलला संपतो आणि घरमालकाला जागा स्वतःच्या मुलासाठी हवी आहे. जवळच दुसरे घर मिळाले आहे, भाडे १४,००० आणि डिपॉझिट एक लाख. नव्या घरात गेल्यावर त्याचा महिन्याचा खर्च असा असेल: भाडे १४,०००, किराणा, भाजी, दूध आणि गॅस मिळून ९,०००, मुलीची शाळा आणि शिकवणी ३,५००, प्रवास आणि मोबाइल २,५००. एकूण २९,०००. उरतात ७,०००, आणि त्यातच आजारपण, सण आणि गावी जाणे बसवायचे.

आता समजा त्याने ‘योग्य वाटेल त्याप्रमाणे’ असे लिहून उचल घेतली. ३८,००० हेच पूर्ण वेतन धरले तर निम्मे म्हणजे १९,०००. निधी आणि व्यवसाय कराचे २,००० आधीच गेलेले आहेत, म्हणून कंपनी महिन्याला १७,००० पर्यंत कापू शकते आणि तरीही संहितेच्या मर्यादेत राहते. त्या महिन्यात हाती १९,००० येतील, त्यातले १४,००० भाड्याला जातील आणि बाकी सगळ्या घराला ५,००० उरतील, जिथे १५,००० लागतात. कोणताही कायदा मोडलेला नाही. मालकही दुष्ट नाही, कदाचित उचल पाच-सहा महिन्यांत मोकळी व्हावी एवढाच त्याच्या लेखापालाचा विचार असेल. तरी दुसऱ्या महिन्यात त्या कर्मचाऱ्याला उचल फेडण्यासाठी आणखी कर्ज काढावे लागेल. हा हप्ता तोडणारा आकडा त्याच्या घरखर्चात आहे, आणि तो खर्च फक्त त्यालाच ठाऊक आहे. तो कागदावर मांडला नाही तर समोरच्याला कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

म्हणून हप्त्यांचे वेळापत्रक हा अर्जाचा गाभा आहे. ते आतून बाहेर ठरवावे लागते: आधी हाती येणारा पगार, त्यातून टाळता न येणारा खर्च, आणि उरलेल्यातूनही थोडे मागे ठेवून मग हप्ता. वरच्या उदाहरणात ७,००० उरतात, तेव्हा ५,००० चा हप्ता बसतो. ७,००० चा हप्ता कागदावर बसतो पण पहिल्याच तापाला मोडतो. व्यवसाय कर फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापला जातो, एवढा बारीक फरकसुद्धा पूर्ण ताणलेल्या हप्त्यात जाणवतो. ज्यांच्या पगारातून आधीच कर्मचारी पतसंस्थेचा हप्ता जातो त्यांनी तो अर्जात आपणहून लिहावा. कंपनीला तो पगारपत्रकात दिसतोच, आणि सांगितलेला असला म्हणजे नवा हप्ता त्याच्यासह मोजला जातो.

दुसरा आक्षेप शिष्टाचाराचा आहे. अर्जदाराने हप्ता आणि महिने सांगणे म्हणजे मालकाला अटी घालणे, असे मानले जाते. शाळेत शिकवलेल्या विनंतीपत्राचा हा परिणाम असावा. त्यात ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे शेवटचे वाक्य इतके घोटवले जाते की विनंती म्हणजे दया मागणे असेच मनात बसते. उलट ज्या ठिकाणी उचल ही नियमित व्यवस्था आहे तिथे हप्ते आधीच ठरलेले असतात आणि त्यात कोणाला उद्धटपणा दिसत नाही. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर आपल्या कर्मचाऱ्यांच्या बहुतेक बिनव्याजी उचली बंद केल्या, त्यात सण अग्रिमही गेले. करोनाच्या वर्षी, १२ ऑक्टोबर २०२० रोजी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ते एकदाच म्हणून पुन्हा दिले: १०,००० रुपये, बिनव्याजी, जास्तीत जास्त दहा हप्त्यांत परत. किती आणि किती हप्त्यांत, हे पहिल्याच वाक्यात होते. ती उचल घेणाऱ्या कारकुनाला कोणी याचक म्हटले नाही. खासगी कंपनीत असा छापील नियम नसतो, म्हणून तो एका माणसापुरता अर्जात लिहावा लागतो, इतकाच फरक आहे.

रकमेबाबतही एक सल्ला सर्रास दिला जातो: लागतात त्यापेक्षा जास्त मागावे, म्हणजे कापूनछाटून हवे तेवढे मिळतात. हा सल्ला भाजीबाजारात चालतो. उचलीत तो उलटतो, कारण जास्तीची रक्कम कापली गेली नाही तर तीही फेडायची असते. आणि मागणी फुगवलेली आहे असा संशय एकदा आला की खरा आकडाही छाटला जातो. त्याहून मोठी चूक मात्र वेगळीच आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. लोक गरजेची एकच रक्कम सांगतात, पण गरजा अनेकदा दोन असतात: एक कायमची तूट आणि दुसरी फक्त तारखांची.

चांदिवलीच्या घराचा हिशेब पुन्हा पाहावा. नव्या घरासाठी डिपॉझिट १,००,०००, एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी १४,०००, भाडेकराराची नोंदणी, मुद्रांक शुल्क आणि करार करून देणाऱ्याचे मिळून सुमारे २,०००, आणि सामानाच्या टेम्पोचे ४,०००. एकूण १,२०,०००. (मुद्रांक शुल्क स्वतःमध्ये किरकोळ आहे. एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे इथे चारशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी एक हजार.) जवळ शिल्लक ३०,०००. म्हणजे ९०,००० कमी पडतात. पण जुन्या घरमालकाकडे ६०,००० चे डिपॉझिट अडकलेले आहे. ते तो घर रिकामे करून चावी दिल्यावर देणार, आणि नवा घरमालक चावी देण्याआधी पैसे घेणार. खरी तूट ३०,००० ची आहे. उरलेले ६०,००० दोन चाव्यांच्या मधल्या काही आठवड्यांपुरतेच हवेत.

हे अर्जात नुसते ‘घराच्या डिपॉझिटसाठी ९०,०००’ असे लिहिले तर व्यवस्थापकाला अडीच महिन्यांच्या हाती पगाराएवढी उचल दिसते, आणि तो नाकारतो किंवा अर्धी देतो. अर्ध्या रकमेत डिपॉझिट होत नाही, मग घरही जाते. तेच दोन भागांत लिहिले तर मागणीचे स्वरूप बदलते. ६०,००० एका महिन्यात एकरकमी परत, ३०,००० सहा हप्त्यांत. हे वाचणाऱ्याला जोखीम किती आणि किती काळ हे एका नजरेत कळते. असा अर्ज साधारण पुढीलप्रमाणे होतो:

‘विषय: भाड्याच्या घराच्या डिपॉझिटसाठी ९०,००० रुपये उचल मिळण्याबाबत. माझा सध्याचा भाडेकरार ३० एप्रिल रोजी संपत आहे. १ मेपासून चांदिवली येथे दुसरे घर ठरले असून त्याचे डिपॉझिट आणि इतर खर्च मिळून १,२०,००० रुपये २५ एप्रिलपर्यंत द्यावयाचे आहेत. माझ्याकडे ३०,००० रुपये आहेत. सध्याच्या घरमालकाकडील माझे ६०,००० रुपयांचे डिपॉझिट घर सोडल्यावर मेमध्ये परत मिळेल. जुन्या कराराची प्रत आणि नव्या कराराचा मसुदा सोबत जोडला आहे. परतफेड अशी करण्याचा प्रस्ताव आहे: ६०,००० रुपये ३१ मेपर्यंत बँकेतून एकरकमी, उरलेले ३०,००० रुपये जून ते नोव्हेंबरच्या पगारातून दरमहा ५,००० रुपये. जुने डिपॉझिट ३१ मेपर्यंत मिळाले नाही, तर तसे मी लेखी कळवीन. त्या स्थितीत पूर्ण ९०,००० रुपये जूनपासून दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे कापावेत, आणि डिपॉझिट मिळताच ते एकरकमी भरीन. या हप्त्यांच्या कपातीस माझी संमती आहे.’

यात ‘सहानुभूती’ हा शब्द नाही, घरच्या अडचणींचे वर्णनही नाही. शेवटून दुसरे वाक्य मात्र महत्त्वाचे आहे. परतफेडीचे वेळापत्रक बहुतेक वेळा मोडते ते अर्जदाराच्या हातात नसलेल्या गोष्टीमुळे. इथे ती गोष्ट म्हणजे जुना घरमालक. रंगकामाचे, तुटलेल्या नळाचे, वीजबिलाचे कारण काढून डिपॉझिट दोन-तीन महिने अडवणारे घरमालक मुंबईत दुर्मीळ नाहीत. तसे झाले तर काय, हे आधी लिहिलेले नसेल तर जूनमध्ये लेखापाल ते ६०,००० पगारातून कायद्याच्या मर्यादेपर्यंत वळते करायला निघतो, कारण अर्जात तारीख आहे आणि ती उलटली आहे. दुसरा मार्ग लिहिलेला असला की तोच लेखापाल ५,००० कापतो. पूर्ण ९०,००० फिटायला असे लागणारे अठरा महिने हा काळ लांब आहे, आणि अनेक कंपन्या एका वर्षाच्या पुढे जात नाहीत. पण तो नामंजूर व्हायचा असेल तर एप्रिलमध्ये, पैसे घेण्याआधी व्हावा. तेव्हा कमी डिपॉझिटचे घर शोधायला अजून वेळ असतो.

बोनसच्या भरवशावर हप्ता लिहू नये, हेही याच कारणाने. दिवाळीला मिळेल असे धरून ‘उरलेली रक्कम बोनसमधून’ लिहिणारे अनेक असतात. बोनसची रक्कम आणि तारीख अर्जदाराच्या हाती नाही, पगार मात्र दर महिन्याला येतो. बोनस मिळाल्यावर हप्ते आधी संपवता येतात, त्याला कोणी हरकत घेत नाही.

कारण लिहिण्याला होणारा विरोध जास्त विचार करण्यासारखा आहे. पगार माझा, मी तो कशावर खर्च करतो हे कंपनीला का सांगू, असे म्हणणाऱ्याचे म्हणणे मिळालेल्या पगाराबाबत पूर्ण बरोबर आहे. उचलीत मात्र अजून न कमावलेला पैसा मागितलेला असतो आणि तो देण्याची मालकावर सक्ती नसते. तरीही या विरोधात एक खरा धोका दडलेला आहे. अर्जातले कारण ऑफिसभर फिरते. मुलीचे लग्न, नवऱ्याचे आजारपण, भावाची अडचण यांची सविस्तर कहाणी लिहिणाऱ्याला पुढे वर्षभर चौकशांना तोंड द्यावे लागते. त्यावर उपाय कारण न लिहिणे हा नव्हे. कारणाचा प्रकार लिहावा आणि पुरावा जोडावा. रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक जोडले की आजाराचे नाव लिहिण्याची गरज उरत नाही, आणि शाळेच्या फीची पावती मुलाच्या गुणांबद्दल काहीच सांगत नाही. वरच्या अर्जात जुना घरमालक घर का सोडायला लावतो आहे, याबद्दल एक शब्दही नाही, आणि त्याची कोणाला गरजही वाटणार नाही.

कारणाचा एक व्यावहारिक उपयोगही आहे आणि तो कराचा आहे. पगारच आधी घेतला, म्हणजे पुढच्या महिन्याचा पगार या महिन्यात, तर तो मिळालेल्या वर्षाचे उत्पन्न ठरतो. पगारावर घेतलेली आणि हप्त्यांनी फेडायची उचल हे कर्ज असते, ते उत्पन्न नव्हे. मात्र मालकाने बिनव्याजी कर्ज दिले तर वाचलेल्या व्याजाचा फायदा पगारात धरण्याची तरतूद १९६२च्या आयकर नियमांत होती. त्या नियमांत एकूण २०,००० रुपयांपर्यंतची कर्जे यातून वगळली होती, तशीच ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारासाठी घेतलेली कर्जेही वगळली होती. दुसऱ्या सवलतीचा दावा कर्ज कशासाठी घेतले हे कागदावर असल्यावरच करता येतो. साडेचार लाखांच्या वार्षिक पगारावर नव्या कररचनेत एरवीही कर बसत नाही, त्यामुळे वरच्या उदाहरणात याने फरक पडणार नाही. पण जास्त पगाराच्या माणसाने आजारपणासाठी मोठी रक्कम घेतली आणि ‘वैयक्तिक कारण’ असे लिहिले, तर त्याने ही वाट स्वतःच बंद केली.

कारण सांगायला नको म्हणून कित्येक जण मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपकडे किंवा क्रेडिट कार्डाकडे वळतात. तिथे कारण कोणी विचारत नाही हे खरे. तिथे ते व्याजात मोजले जाते. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे ३०,००० वर पहिल्याच महिन्यात हजाराहून जास्त. सहा महिन्यांच्या बिनव्याजी उचलीशी याची तुलना होऊ शकत नाही. दोन ओळींचे कारण लिहिण्याचा संकोच इतका महाग पडू नये.

आता मालकांच्या बाजूचा युक्तिवाद. उचल दिली की सवय लागते, माणूस उचल फिटायच्या आत दुसरी मागतो, आणि पैसे घेऊन नोकरी सोडतो, असे छोट्या उद्योजकांकडून नेहमी ऐकू येते. यातली भीती अगदीच खोटी नाही. पण तिच्यावर योजलेला उपाय बहुधा वाईट असतो. छापील अर्जात एक ओळ घातली जाते की उचल फिटेपर्यंत कर्मचारी राजीनामा देणार नाही. १९७६च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याची व्याख्या इथे वाचण्यासारखी आहे. उचलीच्या मोबदल्यात ठरावीक किंवा अमर्याद काळ दुसरी नोकरी वा दुसरे उपजीविकेचे साधन स्वीकारण्याचे स्वातंत्र्य गमावणे, हा त्या व्याख्येतला एक स्पष्ट प्रकार आहे. पवईच्या काचेच्या इमारतीतल्या कंपनीला आपण वेठबिगारीचा कायदा तुडवतो आहोत असे स्वप्नातही वाटणार नाही, पण ही ओळ त्याच दिशेची आहे. नोकरी सोडताना बाकी उचल शेवटच्या हिशेबातून वळती करावी आणि उरलेली रक्कम अमुक मुदतीत भरावी, एवढे लिहिले की मालकाचे हित जपले जाते. त्या हिशेबातून काय घेता येत नाही हेही माहीत असावे. भविष्य निर्वाह निधीला कायद्याने जप्तीपासून संरक्षण आहे, मालकाची उचल त्यावर चढत नाही.

उचल सवय लावते असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्रातली सर्वांत मोठी उचल पाहावी. बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या भागांतून दर हंगामाला ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना, म्हणजे कोयत्यांना, मुकादम हंगामाआधी उचल देतो. ती त्याला कारखान्याकडून मिळालेली असते. तिचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. रोज किती टन तोडले, किती रक्कम वळती झाली, आजारपणाचे दिवस कसे धरले, हे वही सांगते आणि वही मुकादमाकडे असते. हंगामाअखेर काही जणांच्या अंगावर बाकी निघते आणि ती पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळवली जाते. या मजुरांनी उचल घ्यायची सवय लावून घेतली असे म्हणणे निर्दयपणाचे आहे. उचल फिटत नाही, कारण ती किती काळात, कोणत्या दराने फिटणार हे देताना दोघांच्या हाती असलेल्या कागदावर लिहिलेले नसते. ‘योग्य वाटेल त्याप्रमाणे’ हा त्या वहीचाच शहरी अवतार आहे, फक्त वही मुकादमाकडून एचआरच्या संगणकात आली.

पवईत ही तोंडी उचल उसाच्या फडाहून फार लांब नाही. हिरानंदानीच्या मनोऱ्यांत घरकाम करणाऱ्या बायका फिल्टरपाडा आणि आसपासच्या वस्त्यांतून येतात. शाळेच्या फीसाठी मॅडमकडून दहा हजार घ्यायचे आणि महिन्याला हजार कापू द्यायचे, हा रिवाज आहे. कागद नसतो. मग दोन महिने मॅडम गावाला असतात, एका महिन्यात ताई आजारी असतात, आणि पाच-सहा महिन्यांनी किती कापले यावर वाद होतो. दोघीही खरे बोलत असतात. तिथे अर्जाची गरज नाही. घेतल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर रक्कम, हप्ता आणि पहिला महिना लिहून पाठवला, आणि दर कपातीला ‘उरले इतके’ एवढे लिहिले, की वाद उरत नाही. ज्या खाडे झालेल्या महिन्यात पगारच कमी मिळतो, त्या महिन्यात हप्ता कापायचा की पुढे ढकलायचा, हे मात्र आधीच बोलून घ्यावे. वाद बहुधा तिथेच पेटतो.

ऑफिसांतले सफाई कामगार आणि सुरक्षा रक्षक बहुतांशी कंत्राटदाराचे असतात. त्यांच्यातले काही जण इमारतीच्या व्यवस्थापकाकडे अर्ज देतात, कारण रोज तोच दिसतो. अर्ज कंत्राटदाराच्या नावाने असला पाहिजे, कारण पगार तोच काढतो आणि कपातही त्याच्याच पगारपत्रकात होणार. चुकीच्या दारात पडलेला अर्ज नाकारलाही जात नाही, तो नुसता राहतो.

अर्ज कधी द्यावा यालाही महत्त्व आहे. अनेक कंपन्यांत महिन्याच्या विसाव्या ते पंचविसाव्या तारखेच्या दरम्यान पगाराचा हिशेब बंद होतो. त्यानंतर आलेल्या अर्जाचे पैसे कदाचित मिळतात, पण हप्ता पगारपत्रकात चढत नाही, आणि पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकदम कापले जातात. चांदिवलीच्या उदाहरणात २५ एप्रिलला पैसे हवेत, तेव्हा अर्ज पहिल्या पंधरवड्यात द्यायला हवा, आणि मंजुरी लेखी हवी. तोंडी ‘हो, बघतो’ या मंजुरीवर नव्या घरमालकाला शब्द देऊ नये.

मंजुरीच्या पत्रात रक्कम, हप्ता, पहिला आणि शेवटचा महिना हे चार आकडे अर्जाशी जुळतात का ते पाहावे. व्यवस्थापनाने हप्ता बदलला असेल तर तो बदल मान्य आहे की नाही हे पैसे खात्यात येण्याआधी कळवावे. पैसे घेतल्यानंतर गप्प बसणे म्हणजे मान्य करणे, असा अर्थ लावला जातो. त्यानंतर दर महिन्याच्या पगारपत्रकात उचलीची ओळ निधीच्या आणि कराच्या ओळींपासून वेगळी दिसली पाहिजे. ‘इतर कपात’ या एका ओळीत सगळे घातले असेल तर ती वेगळी करून मागावी, कारण शिल्लक मोजण्याचा दुसरा आधार नसतो. मध्येच भरलेल्या ६०,००० सारख्या एकरकमी रकमेची पोचपावती त्याच दिवशी ई-मेलवर घ्यावी. ती पगारपत्रकात कुठेच दिसत नाही आणि नोव्हेंबरमध्ये लेखापाल बदललेला असू शकतो.

शेवटचा हप्ता गेल्यावर बाकी शून्य असल्याचे पत्र मागावे. पुढच्या महिन्यात सवयीने पुन्हा ५,००० कापले गेल्याचे प्रकार घडतात, बहुतेकदा संगणकात शेवटचा महिना भरला नव्हता म्हणून. अशी जादा कपात आधी लेखी कळवावी. ती परत मिळाली नाही तर वेतन संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि त्या दाव्याला जोडायचा पहिला कागद म्हणजे महिन्यांची नावे आणि हप्त्याचा आकडा लिहिलेला तो मूळ अर्ज.